मुलांनी ठेवलेलं टोपणनाव कानावर आलं, तर या चुका टाळा

खांद्यावर चेंडूंची जाळी घेऊन तुम्ही मागच्या बाजूने मैदानात येता. वॉर्मअप अजून सुरू व्हायचा असतो. तेवढ्यात एक मुलगा दुसऱ्याला म्हणतो, "बूट बांध लवकर, शेवटची फेरी आली!" मैदानात कुणीच पळत नसतं. ‘शेवटची फेरी’ म्हणजे तुम्ही. मुलाचं लक्ष जातं, तो जागच्या जागी थिजतो आणि बाकी सगळे तुमच्या तोंडाकडे बघू लागतात.

पहिली चूक नेमकी इथे होते. बहुतेक शिक्षक विचारतात, "कोण म्हणालं ते?" आवाज चढलेला नसला तरी हा प्रश्न मुलांना चौकशीसारखाच वाटतो. सगळे खाली बघतात. कुणी नाव सांगितलं तर तो फितूर ठरतो, नाही सांगितलं तर सगळ्या गटाने तुमच्याशी खोटेपणा केल्यासारखं होतं. टोपणनाव काही थांबत नाही. ते तुमच्यामागे कुजबुजीत चालू राहतं आणि त्यातली माया हळूहळू आटते. मी हे एकदा केलं आहे. पुढचा महिनाभर मी जवळ गेलो की मुलांच्या गप्पा थांबायच्या. त्यात एका मुलाने घोट्याचं दुखणं दोन आठवडे माझ्यापासून लपवलं. ज्या सरांना नाव चालत नाही, त्यांना तक्रारही चालणार नाही, असं त्याने धरलं होतं.

त्या क्षणी फार काही करावं लागत नाही. त्या मुलाकडे बघून मोकळं हसायचं, "आली खरी, चला, रांगा करा" एवढं म्हणायचं आणि कामाला लागायचं. दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नका. सराव संपल्यावर त्या मुलाला एकटं गाठून "मला राग नाही बरं का" असं समजावायलाही जाऊ नका. त्याने त्याचा संकोच वाढतो. त्याऐवजी पाच मिनिटांत त्याच्या धावण्याबद्दल किंवा झेलाबद्दल नेहमीसारखं काहीतरी बोला. त्याला हवं असलेलं उत्तर त्यातच मिळतं.

दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते: नाव ऐकून सोडून द्यायचं, ते का पडलं याचा विचारच करायचा नाही. क्रीडाशिक्षकाचं टोपणनाव बहुधा तीन ठिकाणांहून येतं: त्याचं ठरलेलं वाक्य, हातातली वस्तू किंवा एखादी लकब. शिट्टी, स्टॉपवॉच, टोपी यांवरून पडलेल्या नावांत शोधण्यासारखं फारसं नसतं. काही नावं तर सोयीपोटी पडतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक माइक शशेफ्स्की १९८० ते २०२२ या काळात संघासोबत होते. आडनाव उच्चारायला अवघड, म्हणून त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या K वरून ते सगळ्यांचे ‘कोच के’ झाले. त्यांनी ते नाव इतकं आपलंसं केलं की पुढे विद्यापीठाच्या मैदानालाही तेच दिलं गेलं. वाक्यावरून पडलेलं नाव मात्र नीट ऐकावं. रोज कानी पडणारं जे वाक्य मुलांना खटकतं किंवा गंमतीचं वाटतं, तेच ती उचलतात.

‘शेवटची फेरी’ हे नाव माझंच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडून मी ३०० मीटरच्या फेऱ्या करून घ्यायचो, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. ठरवलेल्या असायच्या पाच. चौथीला मी "ही शेवटची" म्हणायचो, म्हणजे मुलं जोर लावतील. मग पाचवी. आणि दिवस चांगला वाटला तर सहावीही. नाव कळल्यावर मी घरी वेळांची वही काढली. एका मुलाच्या एका दिवसाच्या वेळा अशा होत्या: ५२, ५३, ५६, ५८, ५८ सेकंद. सहाव्या फेरीच्या वेळी मी शिट्टी गळ्यातून काढून पिशवीत ठेवली होती, त्यामुळे आता खरंच संपलं हे मुलांना कळलं होतं. ती फेरी ५१ सेकंदांत.

तो थकला असता तर सहावी फेरी सगळ्यांत संथ निघाली असती. तो जपून पळत होता. अंतर किती उरलंय हे माहीत नसेल, तर धावणारा ताकद राखून ठेवतो आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. माझं वाक्य जोर लावायला सांगत होतं, पण मुलांनी त्याचा अर्थ ‘अजून बाकी आहे’ असा घ्यायला शिकून घेतलं होतं. वर्षभर मला कुणी हे तोंडावर सांगू शकलं नव्हतं. टोपणनावाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘५ × ३००’ लिहिलं आणि पाचवर थांबलो. पहिले तीन दिवस कुणाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याच मुलाच्या वेळा ५३, ५३, ५४, ५४, ५२ आल्या. नावाबद्दल मी गटासमोर एकदाच बोललो: "तुम्ही ठेवलेलं नाव बरोबर होतं. आता फळ्यावर लिहिलेलं असेल तेवढंच."

तिसरी चूक उत्साहातून होते. नाव आवडलं म्हणून शिक्षक स्वतःच ते वापरायला लागतात, पालकांना सांगतात, टीशर्टवर छापून घेतात. मुलांनी जपलेली आपापसातली गोष्ट त्यामुळे त्यांच्या हातून जाते. त्यांनी बोलावलं तर ओ द्यावी, पण आपण होऊन ते नाव घेऊ नये. याहून वाईट म्हणजे बदल्यात मुलांना नावं ठेवणं. मुलांनी सरांना दिलेलं नाव आणि सरांनी मुलाला दिलेलं नाव यांत मोठा फरक आहे. संघ तुम्ही निवडता. तुम्ही एखाद्याला हसत ‘जाड्या’ म्हणालात, तर उद्या सगळं मैदान त्याला तेच म्हणेल आणि त्याला ते नाकारताही येणार नाही. मुलांना त्यांच्या नावानेच हाक मारा.

चौथी चूक म्हणजे प्रत्येक नावाला माया समजणं. फरक ओळखता येतो. मायेचं नाव पकडलं गेलं की मूल लाजतं, पण त्याचे डोळे हसतात. चिडीचं नाव पकडलं गेलं की ते तोंड फिरवतं. मायेचं नाव जिंकल्यावरच्या गलक्यातही ऐकू येतं. चिडीचं नाव संघातून वगळल्याच्या दिवशी जोर धरतं आणि बहुतेक वेळा तुमच्या चालीची किंवा बोलण्याची नक्कल करत येतं. अशा वेळी नावावर बोलू नका, त्या मुलाला संघ कसा निवडला ते समजावून सांगा.

नाव लंगडण्यावर, तोतरेपणावर, रंगावर किंवा जातीवर असेल, तर हसून सोडायचं नाही. तुमच्या अंगाबद्दल असेल तर कर्णधाराला बाजूला घेऊन शांतपणे सांगा: "हे नाव मला लागतं. बंद करा." शिक्षा नको, भाषण नको. एवढ्या थेट शब्दांत सांगितलं की मुलं वरमतात. नाव सहकारी प्रशिक्षकाबद्दल असेल, तर तिथल्या तिथे "त्या मॅडम आहेत, त्यांना मॅडमच म्हणायचं" असं सांगा. स्वतःपुरतं दाखवलेलं औदार्य दुसऱ्याच्या वतीने दाखवायचा अधिकार आपल्याला नाही.

सामन्याच्या दिवशी पंच आणि दुसऱ्या संघासमोर ‘सर’ म्हणायचं, एवढा नियम मी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मुलं तो पाळतात. ज्याचा घोटा दुखत होता, त्याने यंदा पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं, "सर, आज पायाला ताण जाणवतोय, पाचऐवजी तीन करू का?" मी फळ्यावर त्याच्या नावापुढे ३ लिहिलं.