फाटकासमोरच्या मोजणीत माझे तीन दिवस कसे वाया गेले

डिचोलीतल्या एका शाळेच्या फाटकासमोर मी माझ्या प्रकल्पासाठी सकाळी साडेसात ते आठ दुचाकीवरच्यांची हेल्मेट मोजत होते. तक्त्यात दोनच खाने होते, 'आहे' आणि 'नाही'. मार्गदर्शकांनी तो न वाचताच सही केली. मीही विचारलं नाही, चूक माझीच.

तिसऱ्या दिवशी स्टँडवरचा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, म्हणाला, "बाये, ती निळी स्कूटर आत्ताच गेली नव्हे? परत मोजलीस?" मुलाला सोडून पालक त्याच रस्त्याने परततात, आणि मी त्यांना दुसऱ्यांदा मोजत होते!

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. समजा, 60 स्कूटर आल्या, प्रत्येकीवर एक पालक आणि मागे एक मूल. हेल्मेट 48 पालकांकडे आणि फक्त 6 मुलांकडे. म्हणजे 120 जणांपैकी 54, 45 टक्के. आता परतणारे 60 पालकही धरा. 180 पैकी 102 झाले, 57 टक्के. रस्त्यावर काहीच बदललं नाही, कागदावर सुरक्षितता वाढली. शिवाय 45 हा आकडाही फसवाच. पालकांचं प्रमाण 80 टक्के आणि मुलांचं 10, हे त्यात बुडून जातं. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागे बसलेल्या मुलालाही. म्हणून त्यांची ओळ वेगळीच हवी. माझ्या खुणांमध्ये कोण पालक, कोण मूल हेच नव्हतं, म्हणून तीन दिवसांचे कागद दुरुस्तही करता आले नाहीत.

मग मी फाटकापासून पन्नासेक पावलं अलीकडे उभी राहिले आणि फक्त शाळेकडे येणाऱ्या गाड्या मोजल्या. त्याचा आणखी एक फायदा झाला. फाटकाशी थांबल्यावर बरेच जण बोलायला हेल्मेट काढतात, आणि आधी ते माझ्याकडे 'नाही'त जात होते. पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट मात्र वेगळ्या खान्यात लिहा.

सीटबेल्टसाठी पुढच्या दोनच जागा घ्या. मागची सीट काचेतून दिसत नाही. 'दिसलं नाही' असा तिसरा खाना ठेवा आणि टक्केवारी काढताना तो वगळा. न दिसलेल्याला 'नाही' लिहायचा मोह होतो, मलाही झाला होता.

रस्ता ओलांडणारी मुलं एकट्याने त्याच वेळी मोजू नका, जमत नाही. मैत्रिणीला फाटकाशी उभं करा. घोळका आला तर प्रत्येक मूल वेगळं मोजायचं, आणि झेब्रा पट्ट्यांवरून गेलं की बाजूने, एवढंच लिहायचं.

तयार तक्ता सीनियरकडून उचलू नका. आणि पोलीस उभा असेल त्या दिवसाची मोजणी फेकून देऊ नका, पण वरच्या कोपऱ्यात तसं लिहून ती बाजूला ठेवा. घाबरू नका, चार सकाळी नीट झाल्या तरी मांडण्यापुरतं हातात येतं. माझ्या तेवढ्याच झाल्या, नव्या मोजणीच्या पाचव्या दिवशी पाऊस होता.