फ्लिप टर्न: भिंतीपाशी वेळ नेमका कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा

२५ मीटरच्या पूलमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल म्हणजे एक स्टार्ट आणि तीन टर्न, आणि १५०० मीटर पोहलात तर टर्नच होतात ५९. फ्लिप टर्न म्हणजे भिंतीपाशी पाण्यातच कोलांटी मारून पायांनी भिंत ढकलत परत फिरणं. टर्न स्लो आहे म्हटलं की बहुतेक जण कोलांटी फास्ट मारायला बघतात. मी बरीच वर्षं पोरांना पोहायला शिकवतोय आणि माझं मत असं झालंय की कोलांटीत फारसा वेळ जातच नाही, तो जातो भिंतीच्या आधी आणि भिंत सोडल्यावर.

त्यामुळे आधी मोजा. पूलवर दोन्ही टोकांना, भिंतीपासून ५ मीटरवर, बॅकस्ट्रोकवाल्यांसाठी झेंड्यांची दोरी बांधलेली असते. डोकं झेंड्यांखाली आलं की स्टॉपवॉच सुरू, टर्न मारून डोकं परत झेंड्यांखाली आलं की बंद. सोबत कोणालातरी बाजूने मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा, कारण नुसत्या आकड्यावरून चूक कुठे आहे ते कळत नाही.

माझ्याकडे एक मुलगा होता, १०० मीटरला १ मिनिट १२ सेकंदांच्या आसपास. त्याचं झेंडे ते झेंडे ७.१ सेकंद आलं. व्हिडिओ बघून तुकडे पाडले तर झेंड्यांपासून डोकं खाली घालेपर्यंत ३.५, तिथून पाय भिंतीला लागेपर्यंत १.०, भिंतीवर ०.४ आणि भिंत सोडून परत झेंड्यांपर्यंत २.२. त्याला स्वतःला वाटत होतं की कोलांटी स्लो आहे. खरं तर तो शेवटच्या स्ट्रोकला श्वास घ्यायचा, मग मान वर करून भिंत बघायचा, मान वर गेली की कंबर आणि पाय खाली बसायचे, आणि एवढं करून हात पुढे ठेवून भिंतीची वाट बघत घसरत जायचा. म्हणजे कोलांटी मारायच्या आधीच वेग गेलेला, आणि वेग नसेल तर शरीर फिरायलाही जड जातं.

भिंतीकडे येताना

पूलच्या तळाला लेनच्या मधोमध जी काळी पट्टी असते ती भिंतीच्या २ मीटर आधी टी आकारात संपते. बघायचं ते तिच्याकडे, समोरच्या भिंतीकडे नाही. झेंड्यांपासून भिंतीपर्यंत आपले किती स्ट्रोक होतात ते मोजून पाठ करून टाका, अगदी थकलेले असतानाही मोजा कारण तेव्हा एखादा स्ट्रोक वाढतो. शेवटचे दोन स्ट्रोक श्वास घ्यायचा नाही आणि किक चालू ठेवायची. त्या मुलाला आम्ही एवढंच सांगितलं, की टी दिसला की मान हलवायची नाही.

कोलांटी

शेवटचा स्ट्रोक पूर्ण ओढा आणि दोन्ही हात मांड्यांपाशी राहू द्या, भिंतीकडे हात न्यायचा नाही. हनुवटी छातीला लावा, दोन्ही पाय जोडून एक छोटी डॉल्फिन किक मारून कंबर वर काढा आणि तळवे खाली वळवून पाणी डोक्याकडे ढकला. हात जागेवरच राहतात, शरीर त्यांच्याभोवती फिरतं, त्यामुळे पाय भिंतीला लागेपर्यंत हात आपोआप डोक्याच्या वर आलेले असतात. गुडघे दुमडून गोळा जेवढा छोटा तेवढं फिरणं सोपं. पूर्ण वेळ नाकातून हवा सोडत राहा, नाहीतर उलटं झाल्यावर पाणी थेट नाकात जातं, नवीन पोरं टर्नला घाबरतात त्याचं बऱ्याचदा हेच कारण असतं.

पाय भिंतीवर

पाय कंबरेएवढ्या अंतराने, पाण्याखाली साधारण ३०-४० सेंटिमीटरवर, गुडघे जवळपास काटकोनात, खुर्चीत बसल्यावर असतात तसे. अंतर चुकलं की लगेच कळतं. लांबून फिरलात तर गुडघे सरळच राहतात, फक्त बोटं टेकतात आणि ढकलायला काहीच उरत नाही. जवळून फिरलात तर गुडघे छातीत घुसतात आणि भिंतीवर वेळ जातो. लांबून मारायची सवय जास्त दिसते, त्यात कधीकधी भिंत लागतच नाही आणि रेसमध्ये भिंतीला स्पर्श न करता पुढे गेलात की डिस्क्वालिफाय.

इथे अजून एक चूक खूप जण करतात, भिंतीवरच पोटावर वळतात. तसं करू नका. पाय लागले तेव्हा उताणे असाल तर उताणेच ढकला आणि निघता निघता कुशीवर, मग पोटावर या.

भिंत सोडल्यावर

पूर्ण रेसमध्ये स्टार्ट सोडला तर सगळ्यात जास्त वेग इथे असतो, म्हणून तो टिकवायचा. एका हातावर दुसरा हात, वरच्या अंगठ्याने खालचा हात पकडलेला, दंड कानांच्या मागे, डोकं मध्ये. साधारण अर्धा मीटर खोल राहा, कारण पृष्ठभागाजवळ लाटा उठतात आणि त्या वेग खातात, फार खोल गेलात तर वर यायलाच वेळ लागतो. डॉल्फिन किक कधी सुरू करायची हा खरा प्रश्न आहे. एकदम लगेच मारली तर गुडघे वाकल्यामुळे मिळालेला वेग तुम्हीच अडवता, आणि वेग पोहण्याच्या वेगाच्याही खाली गेल्यावर मारली तर उशीर झाला. वेग कमी व्हायला लागल्याचं अंगाला जाणवतं, तिथेच सुरू करा. फ्रीस्टाइलमध्ये १५ मीटरपर्यंत डोकं पाण्याबाहेर यायलाच हवं, पण ज्याची डॉल्फिन किक त्याच्या पोहण्यापेक्षा स्लो आहे त्याने ६-७ मीटरलाच वर यावं. आणि वर आल्यावर पहिल्या स्ट्रोकला श्वास नाही, दुसऱ्याला घ्या.

तीन आठवड्यांनी त्या मुलाचे आकडे असे होते: आत येताना ३.१, कोलांटी ०.९, भिंत ०.४, बाहेर २.०, एकूण ६.४. एका टर्नला ०.७ म्हणजे १०० मीटरला २.१ सेकंद, आणि त्यात कोलांटीचा वाटा एका टर्नला फक्त ०.१.

स्टार्टचं काय

पाण्यात शिरल्यानंतरचं सगळं वर सांगितलं तसंच आहे, फक्त वेग अजून जास्त असतो. उडी मारायच्या चौथऱ्यावर, म्हणजे ब्लॉकवर, पुढच्या पायाची बोटं कडेला वळवून पकडा, मागचा पाय तिरक्या प्लेटवर, कंबर उंच. सिग्नलला हातांनी ब्लॉक मागे खेचत पुढे झेपा, वर नाही. हात जिथून पाण्यात शिरले तिथूनच डोकं, कंबर आणि पाय शिरले पाहिजेत; पोट आपटल्याचा आवाज आला की समजा वेग तिथेच संपला. ब्लॉकवरून उडी मारायच्या आधी खोली विचारून घ्या, स्पर्धेच्या नियमात ब्लॉकसमोर किमान १.३५ मीटर पाणी लागतं, आणि तेही सरळ खाली न शिरणाऱ्यासाठी.

प्रॅक्टिसला पूर्ण लॅप मारत बसू नका. पूलच्या मध्यापासून रेसच्या स्पीडने भिंतीकडे या, टर्न मारा, झेंड्यांच्या पुढे तीन स्ट्रोक आणि थांबा. असे आठ, प्रत्येकानंतर श्वास पूर्ण जागेवर येईपर्यंत आराम. पाण्याखाली लांब जायच्या पैजा लावून सलग श्वास रोखायचा नाही, त्यात पाण्यातच शुद्ध जाऊ शकते आणि आधी काही कळतही नाही, म्हणून हा सेट एकट्याने कधीच करू नका.