चॅनेल ब्रेकआउटचा स्टॉप गुपचूप खाली सरकतो तेव्हा: या चुका टाळा

चॅनेल ब्रेकआउटचा नियम ऐकायला दोन ओळींचा आहे. मागच्या २० दिवसांतला सर्वांत वरचा हाय तुटला की खरेदी, मागच्या १० दिवसांतला सर्वांत खालचा लो तुटला की बाहेर. रिचर्ड डॉन्चियन यांच्या 'चार आठवड्यांच्या नियमा'तून ही कल्पना आली. १९८३ मध्ये शिकागोच्या रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी 'टर्टल' शिष्यांना शिकवलेल्या पद्धतीतही २०/१० ही जोडी होती. नियम सोपा असल्यामुळे लोक तो चटकन एक्सेलमध्ये किंवा पायथनमध्ये उतरवतात, आणि चुका होतात त्या तिथेच.

मागे एका मित्राने चार्टचा स्क्रीनशॉट पाठवला. "अरे, दोन वर्षांचा डेटा टाकलाय, एकही सौदा दिसत नाही. शेअर तर दुप्पट झालाय!" चार्ट नीट पाहिला तर एक गोष्ट डोळ्यात भरत होती: शेअर नवा हाय करत होता त्या प्रत्येक दिवशी कॅन्डलचं टोक २० दिवसांच्या हायच्या रेषेला चिकटलेलं, पण एकही कॅन्डल रेषेच्या बाहेर गेलेली नव्हती. हीच या चुकीची खूण. त्याच्या २० दिवसांत आजचा दिवसही मोजला जात होता. आजचा हाय हा आजच्यासकट काढलेल्या कमाल हायपेक्षा मोठा असूच शकत नाही, मग ब्रेकआउट येणार कुठून? बऱ्याच चार्टिंग सॉफ्टवेअरमधली तयार डॉन्चियन रेषा अशीच चालू कॅन्डल धरून काढलेली असते.

यावर लोक जो उपाय करतात तो मूळ चुकीपेक्षा वाईट असतो. `>` च्या जागी `>=` टाकतात. सौदे धडाधड दिसू लागतात आणि जुन्या डेटावरची चाचणी, म्हणजे बॅकटेस्ट, फार देखणी होते. पण दिवसाचा हाय किती हे दिवस संपल्यावरच कळतं. तो धरून सिग्नल काढायचा आणि खरेदी त्याच दिवशीच्या ओपनला दाखवायची, म्हणजे उद्याचा पेपर आज वाचून सौदा करणं. बरोबर उपाय एवढाच की रेषा कालपर्यंतच्या दिवसांची हवी:

```python
df['hh'] = df['High'].rolling(20).max().shift(1)
df['ll'] = df['Low'].rolling(10).min().shift(1)
```

`shift(1)` दोन्ही ओळींत हवं. एन्ट्रीत आठवणीने लावून एक्झिटमध्ये विसरलेला कोड मी बऱ्याचदा पाहिला आहे.

आता स्टॉपकडे, म्हणजे ज्या भावाला सौद्यातून बाहेर पडायचं त्याकडे येतो, कारण पैसे जास्त तिथे जातात. टर्टल पद्धतीत खरेदीच्या सौद्याला दोन स्टॉप असतात. पहिला एन्ट्रीच्या खाली २ एन अंतरावर. एन म्हणजे २० दिवसांची सरासरी ट्रू रेंज, शेअर दिवसाला साधारण किती हलतो त्याचं माप. दुसरा १० दिवसांचा लो. दोन्हींपैकी जो वर असेल तो लागू. एनची किंमत एन्ट्रीच्या दिवशीची धरायची आणि तिथेच गोठवायची. रोज नव्याने एन काढत राहिलात, तर बाजार घाबरून जोरात हलू लागला की एन वाढतो आणि स्टॉप आपोआप खाली जातो, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच तो दूर पळतो.

याहून छुपी चूक दुसऱ्या स्टॉपमध्ये आहे. उदाहरणाला एक शेअर घेऊ. २० दिवसांचा हाय ५१२ रुपये, तो तुटला आणि खरेदी ५१२ ला झाली. एन ९ रुपये, म्हणून पहिला स्टॉप ४९४. १० दिवसांचा लो तेव्हा ४८८ होता, म्हणजे ४९४ लागू. शेअर चढत ५४५ पर्यंत गेला, खिडकीतले जुने लो मागे पडले आणि १० दिवसांचा लो ५२१ वर आला. आता स्टॉप ५२१.

दिवसात लेव्हल तुटली की लगेच बाहेर, असा नियम पाळला तर ही रेषा सौदा चालू असताना कधीच खाली येत नाही. कारण साधं आहे. खिडकीतून जुना लो बाहेर पडला तर रेषा वरच जाते. ती खाली यायला आधीच्या लोपेक्षाही खालचा लो लागावा लागतो, आणि तसा लो आला की तुम्ही बाहेर पडलेलेच असता.

पण आपल्यापैकी कितीतरी जण दिवसभर स्क्रीनसमोर नसतात, म्हणून ते 'क्लोज खाली आला तरच बाहेर' असा बदल करतात. बदल निरुपद्रवी वाटतो. पाहा काय होतं. पहिल्या दिवशी लो ५१७, क्लोज ५२६. क्लोज ५२१ च्या वर, म्हणून सौदा चालू. पण दुसऱ्या दिवशी १० दिवसांचा लो ५१७ झाला! त्या दिवशी लो ५११, क्लोज ५१९. क्लोज ५१७ च्या वर, पुन्हा चालू. तिसऱ्या दिवशी रेषा ५११ वर, क्लोज ५०६, म्हणून चौथ्या दिवशी ओपनला ५०४ ला विक्री. स्टॉप ५२१, ५१७, ५११ असा पायरीपायरीने उतरला आणि नऊ रुपयांच्या फायद्याचा सौदा आठ रुपयांच्या तोट्यात संपला. कोडने कुठेही एरर दिला नाही.

क्लोजवरच बाहेर पडायचं असेल तर मागचा स्टॉप लक्षात ठेवायला लावा:

```python
stop = max(stop, entry - 2 * n_entry, ll)
```

यात `stop` ची पहिली किंमत एन्ट्रीच्या दिवशी `max(entry - 2 * n_entry, ll)` अशी ठरवावी. वरच्या उदाहरणात मग स्टॉप ५२१ वरच राहतो, दुसऱ्या दिवशीचा ५१९ चा क्लोज तो तोडतो आणि विक्री तिसऱ्या दिवशीच्या ओपनला होते. दुसरा रस्ता म्हणजे लोऐवजी १० दिवसांतला सर्वांत कमी क्लोज धरायचा आणि क्लोजची तुलना क्लोजशीच करायची. मला हा रस्ता जास्त स्वच्छ वाटतो, कारण मग रेषेला उतरायला जागाच राहत नाही. तपासायला सोपं आहे: कोणताही एक सौदा घ्या, त्याच्या प्रत्येक दिवसाचा स्टॉप एका कॉलममध्ये छापा. एन्ट्री ते एक्झिट एकदाही आकडा घटलेला दिसला, तर चूक सापडली.

उरला गॅपचा प्रश्न. स्टॉप ५२१ चा आहे आणि शेअर सकाळी ५०८ ला उघडला, तर तुम्हाला ५२१ मिळणार नाहीत. बॅकटेस्टमध्ये विक्रीची किंमत ओपन आणि स्टॉप यांतली कमी असलेली धरा, आणि खरेदीची किंमत ओपन आणि ब्रेकआउट लेव्हल यांतली जास्त असलेली. प्रत्यक्षात यात आणखी एक अडचण येते. ब्रोकरकडे आधीच लावून ठेवलेल्या जीटीटी ऑर्डरमध्ये ट्रिगर ५२१ आणि लिमिट ५२० ठेवली असेल, तर ५०८ च्या ओपनला ट्रिगर लागतो, पण ऑर्डर ५२० वर पडून राहते आणि शेअर घसरत जातो. लिमिट ट्रिगरच्या बऱ्यापैकी खाली ठेवा, आणि ट्रिगर लागल्याचा मेसेज आला की ऑर्डर पूर्ण झाली का ते लगेच पाहा.

आणि शेअरचा १:१ बोनस असेल तर एक्स-डेटच्या आधी डेटा आणि पडून असलेली जीटीटी दोन्ही तपासा. भाव निम्म्यावर येतो, बोनससाठी न सुधारलेल्या डेटात १० दिवसांचा लो तुटलेला दिसतो, आणि पुढे २० दिवस जुना दुप्पट हाय खिडकीत अडकून एकही खरा ब्रेकआउट दिसू देत नाही.