प्रेमाच्या रीडिंगमध्ये पत्ता उडून पडला, तर तो धरायचा का?

टॅरोचे पत्ते पिसताना एखादा पत्ता हातातून निसटून पडतो. त्याला आम्ही जंपर म्हणतो. प्रश्न प्रेमाचा असला की विचारायला आलेली व्यक्ती लगेच त्या पत्त्यावर झेपावते. जळगावात माझ्याकडे येणाऱ्या मुली तर विचारतातच, "ताई, हाऊ पत्ता काबर पडना?"

पडलेला प्रत्येक पत्ता म्हणजे संदेश, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. मीही सुरुवातीला तसंच करायचे. एका मैत्रिणीसाठी पिसताना 'लव्हर्स' पडला आणि मी तिला सांगून टाकलं, "होकार आहे." मांडणीत 'तीन तलवारी' आणि 'आठ कप्स' हे दोन पत्ते आले होते, म्हणजे दुखावलेलं मन आणि पाठ फिरवून जाणं. मी ते नीट वाचलंच नाही. त्याच रात्री तिने मुलाला फोन केला आणि नकार घेऊन रडत बसली. चूक माझी होती.

नियम पिसण्याआधी ठरवा आणि मोठ्याने बोला. पत्ता पाहून ठरवलंत, तर चांगला धराल आणि वाईट परत टाकाल.

माझा नियम असा. प्रश्न विचारून झाल्यावर, एकच पत्ता, गड्डीपासून पूर्ण सुटून पडला तरच धरायचा. अर्धवट बाहेर आलेला आत सरकवा. तीन-चार एकदम पडले तर ती हाताची ढिलाई आहे, सगळे परत घ्या आणि पुन्हा पिसा. दोन पडले तरी मी परतच घेते. आपल्याकडे मे महिन्यात पंखा पाचवर असतो आणि हाताला घाम येतो. पत्ते एकमेकांना चिकटतात, मग एकदम सुटतात. नवा डेक तर नुसता घसरतो. म्हणून पिसताना पंखा बंद करा आणि हात पुसून घ्या. खाली सुती चादर अंथरा, सॅटिनवर पत्ते पळतात.

पालथा पडलेला पत्ता पुस्तकाचं पान उलटतो तसा बाजूने उलटा. वरून खाली उलटलात तर सुलटा पत्ता उलटा होऊन बसतो. मी मात्र जंपर नेहमी सुलटाच वाचते, कारण पडताना तो कसाही फिरतो.

आता त्याला ठेवायचं कुठे? मांडणीत अजिबात नको. डावीकडे, वेगळा. त्याला बाहेर ठेवलंत की उरलेल्या 77 पत्त्यांतूनच मांडणी निघते, तो पुन्हा येऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. प्रेमाच्या रीडिंगमध्ये जंपर मी विचारणाऱ्या माणसाबद्दल वाचते, त्याचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या समोरच्याबद्दल नाही. समोरच्याच्या मनातलं सांगायला तो पडला, असं मी कधीच म्हणत नाही.

मागच्या वर्षी अमळनेरची एक मुलगी आली होती. तिचं ज्याच्यावर प्रेम होतं तो पुण्यातला मुलगा तीन महिने घरी लग्नाचं बोलतच नव्हता. पिसताना पाच कप्स पडला: काळ्या झग्यातला माणूस, समोर तीन सांडलेले पेले, मागे दोन उभे, पलीकडे पूल. ती घाबरली, "संपलं का ताई?" मी पत्ता बाजूला ठेवला आणि तीन पत्ते मांडले. त्याच्या जागी चार पेंटॅकल्स, नाणं छातीशी कवटाळून बसलेला माणूस. तिच्या जागी दोन तलवारी, डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई. पुढच्या पावलाला पेज ऑफ कप्स, पेल्यातून मासा डोकावतो तो मुलगा.

तिला विचारलं, काय सांडलं होतं? बराच वेळ ती गप्प बसली, मग म्हणाली, "आधीची एक सोयरीक मोडली होती, साखरपुड्याच्या आठ दिवस आधी." आता दोन तलवारींचा अर्थ लागला. नुसता गोंधळ असता तर मी 'निर्णय घे' म्हटलं असतं. पण पट्टी भीतीची होती, ती त्याला सरळ विचारतच नव्हती. चार पेंटॅकल्स तर पैसा किंवा नोकरी घट्ट धरून बसलेला माणूस दाखवत होता. पेज म्हणजे साधा, छोटा निरोप. म्हणून तिला म्हटलं, लग्नाचा विषय काढू नकोस, आधी 'घरी सांगायचं कशामुळे थांबलायस' एवढंच विचार.

शेवटी एक तपासणी नेहमी करा. जंपर हाताने झाका आणि फक्त मांडणी वाचा. उत्तर तेच राहिलं, फक्त कारण धूसर झालं, तर जंपर नीट वापरलात. होकाराचा नकार झाला, तर तुम्ही एका पडलेल्या पत्त्यावर सगळं रीडिंग टांगलंय. तेव्हा पत्ता डेकमध्ये परत घाला आणि मांडणी जे सांगते तेवढंच सांगा. अमळनेरच्या मुलीच्या वेळी मी पाच कप्स झाकून पाहिला. 'आधी विचार' हे उत्तर तसंच राहिलं, मगच मी तिला पुढचं सांगितलं.