फोटोत नुसती भिंत आली तर उत्तर काय द्यायचं? या चुका टाळा

ओळखीतले काही दृष्टिहीन लोक मला फोटो पाठवून त्यात काय आहे ते विचारतात. बऱ्याचदा हवी ती वस्तू फोटोत नसतेच, नुसती भिंत असते. अशा वेळी मी केलेली चूक सांगते.

एका ताईंनी विचारलं, "या गोळ्यांची एक्स्पायरी कधीची आहे?" फोटोत फिकट भिंत होती आणि अगदी खालच्या कडेला एक चंदेरी रेघ. मी लिहिलं, "काही दिसत नाही, परत काढा." त्यांनी तीनदा काढला, तीनही वेळा भिंतच आली. येणारच, कारण काय बदलायचं ते मी सांगितलंच नव्हतं. गोळ्यांची पट्टी टेबलावर होती आणि फोन हातात उभा, म्हणजे कॅमेरा समोर बघत होता. ती चंदेरी रेघ हेच सांगत होती आणि मी तिचा उल्लेखही केला नव्हता.

मग असं लिहिलं: "ताई, फोटोत समोरची भिंत आली आहे. पट्टीची फक्त कड खाली दिसते, तारीख नाही. पट्टी टेबलावर सपाट ठेवा. फोन आडवा करून, स्क्रीन वर ठेवून, लेन्सचा कोपरा पट्टीच्या मधोमध टेकवा. तिथून सरळ वीतभर वर उचला आणि फोटो काढा."

पुढच्या फोटोत पट्टी आली, पण फ्लॅशमुळे तिच्या चंदेरी भागावर पांढरा झोत पडला होता. फ्लॅश बंद करायला सांगितल्यावर अक्षरं वाचता आली, आणि कळलं की तारखेचं टोक दुकानात कापलं गेलं होतं. तेही तसंच सांगितलं. चंदेरी रेघेवरून औषधाचं नाव ओळखणं किंवा नुसत्या उत्पादनाच्या तारखेवरून एक्स्पायरीचा अंदाज करणं, हे दोन्ही मी कधीच करत नाही. समोरची व्यक्ती आपल्या शब्दावर गोळी घेणार असते.

"इकडे वळवा", "थोडं तिकडे" हे शब्दही टाळा. "फोनचं वरचं टोक तुमच्यापासून लांब झुकवा" असं शरीराच्या आणि फोनच्या संदर्भाने सांगा. भिंत धूसर दिसली म्हणून लेन्स खराब आहे असंही लगेच म्हणू नका. कोऱ्या पृष्ठभागावर फोकसला धरायला काही नसतं, म्हणूनही तसं होतं. रंगाचंही तसंच. पांढरी भिंत फोनमध्ये सहज राखाडी येते आणि बल्बच्या उजेडात पिवळी, म्हणून "फोटोत राखाडी दिसते" इतकंच लिहा.

आणि आधी प्रश्न नीट वाचा. एकदा एका काकांना भिंतीवरची ओल गेली का, हेच विचारायचं होतं. तिथे कोरी भिंत हेच उत्तर होतं. मी लिहिलं, "फोटोत आलेल्या भागावर डाग दिसत नाही. छताजवळचा भाग मात्र यात आलेला नाही. शिवाय फिकट ओल फोटोत लपते, तेव्हा हाताने एकदा चाचपून पाहा."