व्हॅलिडिटी रिजेक्ट झाली? समितीकडेच 'अपील' टाकायच्या आधी या चुका टाळा

आधीच सांगतो, मी वकील नाही. पण भावकीतल्या नि गावातल्या पोरांच्या व्हॅलिडिटीच्या, म्हणजे जात पडताळणीच्या, फाइली करता करता बारा-तेरा वर्षं झाली, आणि दर जून-जुलैला तोच फोन येतो. "दादा, कागद कमी म्हणून रिजेक्ट झालं, समितीकडे अपील कसं करायचं, तीस दिवस असतात ना?"

नसतात. इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

हे तीस दिवस कुठून आले ते सांगतो. जातीचा दाखला वेगळा, तो प्रांत कार्यालयातून मिळतो. तो दाखलाच नाकारला तर २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात कलम ५ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अपील आहे. पण व्हॅलिडिटी म्हणजे पडताळणी, आणि पडताळणी समितीच्या निर्णयाला कलम ७(२) लागतं, त्यात सरळ लिहिलंय की समितीचा आदेश अंतिम, त्याला आव्हान फक्त हायकोर्टात, घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली म्हणजे रिट याचिका. मधे कलेक्टर नाही, आयुक्त नाही, मंत्री तर नाहीच. आणि समितीला स्वतःचा निकाल परत उघडून बघायचा, म्हणजे रिव्ह्यूचा अधिकार कायद्यात दिलेला नाही. प्रांताच्या अपिलाची गोष्ट कुणीतरी चहाच्या टपरीवर व्हॅलिडिटीला चिकटवून टाकली आणि आता सगळा तालुका तीस दिवस मोजत बसतो.

पहिली चूक: पत्र न वाचता "रिजेक्ट" म्हणणे

कागद कमी म्हणून आलेली पत्रं माझ्या बघण्यात तीन प्रकारची आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा. एक, त्रुटीपत्र, म्हणजे अमुक कागद आणा. हे रिजेक्शन नाहीच, मुदतीत कागद द्यायचे, विषय संपला. दोन, त्रुटी पूर्ण केली नाही म्हणून प्रकरण नस्तीबंद किंवा दप्तरी दाखल केलं. यात तुमच्या जातीबद्दल समिती काहीच बोललेली नसते, फाइल नुसती बंद केलेली असते, त्यामुळे सगळे कागद जमवून परत अर्ज करता येतो. तीन, खरा आदेश. चार-सहा पानी, कारणांसकट, शेवटी "जातीचा दावा अवैध ठरवण्यात येत आहे, जात प्रमाणपत्र रद्द व जप्त" असं काहीतरी. हे कलम ७ चं. इथे हायकोर्टाशिवाय रस्ता नाही.

माझी सवय अशी की कुणी फोन केला की मी आधी म्हणतो, शेवटच्या पानाचा फोटो पाठव. पहिलं पान नको, त्यावर नुसता मायना आणि अर्ज क्रमांक असतो. ज्याला फोटो पाठवायचाही कंटाळा त्याचं काम मी घेत नाही, स्पष्ट सांगतो.

दुसरी चूक, आणि ही मला खरंच छळते: अर्धी वंशावळ

गावातल्याच एका पोराची गोष्ट. शिंपी, ओबीसी. इंजिनिअरिंगला नंबर लागलेला. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा आणि महाराष्ट्रातल्या राहण्याचा पुरावा लागतो (एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, ज्याने त्याने आपली तारीख बघावी). बापाचा शाळेचा दाखला ऐंशीच्या दशकातला, तो चालणार नव्हता. आजोबा शाळेची पायरीच चढले नव्हते. पण आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ चौथीपर्यंत शिकलेले, आणि त्यांचा १९५१ चा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा होता, त्यावर स्वच्छ "शिंपी". यापेक्षा चांगला कागद काय हवा?

कागद जोडला. पण वंशावळीचं शपथपत्र, नमुना ३, त्यात काय लिहिलं? पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा. चार नावं, एकाखाली एक. सायबर कॅफेवाल्याने सांगितलं, "एवढंच लागतं, बाकीचं कशाला वाढवता." आता समितीने बघितलं तर १९५१ चा उतारा ज्या माणसाचा तो माणूस वंशावळीत कुठेच नाही! त्यात उताऱ्यावर त्या भावाच्या बापाचं, म्हणजे पणजोबांचं, नाव "नामा" आणि शपथपत्रात "नामदेव". समितीने लिहिलं, सदर व्यक्तीशी अर्जदाराचं नातं सिद्ध होत नाही, १९६७ पूर्वीचा पुरावा नाही, दावा अवैध. चुकीचं लिहिलं का? मी तो आदेश तीनदा वाचला, कागदावर जे होतं त्यावरून तसंच निघत होतं. कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर असतं, नाती जोडून द्यायचं काम समितीचं नाही.

वंशावळ म्हणजे उभी शिडी नाही, झाड आहे. पणजोबांपासून सुरू करा, त्यांची सगळी मुलं लिहा, मेलेली, निपुत्रिक, गाव सोडून गेलेली सगळी, आणि ज्याचा ज्याचा कागद जोडलाय त्याच्या नावापुढे कागदाचा नंबर टाका. मी पेन्सिलने आधी मोठ्या कागदावर झाड काढतो, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवतो, मगच टायपिंग. नावात फरक असेल तर शपथपत्रातच "नामा उर्फ नामदेव, ही एकच व्यक्ती" असं लिहायचं आणि शक्य असेल तर दोन्ही नावांना जोडणारा एखादा फेरफार किंवा जुना सातबारा लावायचा. नुसतं उर्फ लिहून भागत नाही.

तिसरी चूक: त्याच समितीला विनंतीचे अर्ज करत बसणे

आता त्याच घराने पुढे काय केलं बघा. आदेश जूनमध्ये हातात आला. बापाने साध्या कागदावर "अपील अर्ज" लिहिला, नवीन वंशावळ जोडली, समितीच्या आवक-जावकला दिला, शिक्का घेतला आणि निवांत बसला. शिक्का मिळाला की आपल्या लोकांना वाटतं काम झालं. मग दर पंधरा दिवसांनी चक्कर. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. ऑक्टोबरमध्ये दोन ओळींचं उत्तर आलं की समितीला पुनर्विलोकनाचे अधिकार नाहीत, आपण सक्षम न्यायालयात दाद मागावी. चार महिने गेले, तिकडे कॉलेज व्हॅलिडिटी मागून थकलेलं. तेव्हा माझ्याकडे आले.

रिटला कायद्यात ठरलेली मुदत नाही हे खरं, पण उशीर का केला हे कोर्ट विचारतंच, आणि अ‍ॅडमिशन किंवा नोकरी वाचवायची असेल तर आदेश हातात पडल्यावर पहिल्या आठवड्यातच हलायला हवं. आधी आदेशाची सही-शिक्क्याची प्रत. मग फाइलची पाहणी करून रोजनामा, म्हणजे तारखेवार काय झालं त्याची नोंद, आणि समितीसाठी कागदांची चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाचा अहवाल असेल तर त्याची प्रत. मग आपला जिल्हा ज्या खंडपीठाखाली येतो तिथला, हेच काम करणारा वकील. (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.) याचिकेतच अ‍ॅडमिशनला अंतरिम संरक्षण मागायचं, ते आपोआप मिळत नाही.

आणि एक गैरसमज. हायकोर्ट म्हणजे दुसरी पडताळणी समिती नव्हे. समितीपुढे जे कागद होते त्यावरून निर्णय बरोबर होता का, सुनावणी दिली का, दक्षता अहवाल दाखवून खुलासा मागवला का, हे तिथे मुख्यतः बघतात. नवीन कागद दाखवले तर बऱ्याचदा आदेश बाजूला ठेवून प्रकरण परत समितीकडे फेरनिर्णयाला जातं. या पोराचंही तेच झालं. कोर्टाने मुदत घालून परत पाठवलं. मग पूर्ण झाडाची वंशावळ, १९५१ चा उतारा, पणजोबांच्या दोन्ही नावांचा फेरफार, आणि मधल्या काळात तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये धूळ खात सापडलेली गाव नमुना १४ मधली जन्माची नोंद, ती आजोबांचीच निघाली. दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघून आलं. व्हॅलिडिटी मिळाली. पहिल्या आदेशापासून वर्ष उलटून गेलं होतं, वकिलाची फी वेगळी, आणि ती नोंद पहिल्या दिवशीही त्याच रेकॉर्डरूममध्ये होती.

चौथी चूक: अर्जात दुसऱ्याचा मोबाईल नंबर

ऑनलाईन अर्ज भरताना कॅफेवाला स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकतो, ओटीपी पटकन मिळावा म्हणून. मग त्रुटीचा मेसेज जातो त्याच्याकडे, त्याच्या फोनवर असे दोनशे मेसेज पडलेले, आणि तुम्ही घरी वाट बघताय. नस्तीबंद झालेल्या ज्या फाइली माझ्याकडे आल्या त्यातल्या निम्म्या तरी अशाच. स्वतःचा नंबर टाका, आणि दर सोमवारी लॉगिन करून स्टेटस बघा, मेसेजच्या भरवशावर राहू नका.

बाकीच्या, थोडक्यात

दक्षता पथकाच्या अहवालासोबत आलेल्या नोटिशीला उत्तर न देणे. १९९४ च्या कुमारी माधुरी पाटील निकालात सुप्रीम कोर्टाने त्यासाठी दोन आठवडे धरलेत, मागितले तर जास्तीत जास्त तीस दिवस. गप्प बसलात तर अहवालात आहे ते मान्य असं धरलं जाऊ शकतं.

आईकडच्या, मामाच्या व्हॅलिडिट्या जोडणे. वडिलांकडचं रक्ताचं नातं लागतं. सख्ख्या काकाची, चुलत भावाची व्हॅलिडिटी असेल तर ती फार मोलाची, पण त्याच्या फाइलमधली वंशावळ आणि तुमची जुळली पाहिजे. त्याच्याकडून आधी झेरॉक्स मागून घ्या.

अवैध ठरल्यावर ते लपवून दुसऱ्या तालुक्यातून नवीन दाखला काढून नव्याने अर्ज करणे. शपथेवर खोटं लिहिताय, आणि पकडलं गेलं की मग आधीची बाजूही कुणी ऐकत नाही.

शाळेच्या रजिस्टरमध्ये आता जात "दुरुस्त" करून घेणे. पथक मूळ रजिस्टर बघतं, शाईचा फरक त्यांना दारातून कळतो. माझ्याकडे असा एक आला होता, हेडमास्तर ओळखीचे आहेत म्हणून खूश होता. मी त्याची फाइल हातात घेतली नाही.