पोळी सोडण्याआधी रक्त द्या: जुनाट जुलाब सिलिअ‍ॅकचे की संग्रहणीचे, हे कसे ठरवावे

महिना उलटून गेला तरी जुलाब थांबत नाहीत, वजन घटतंय, जीभ लाल आणि गुळगुळीत झालीय, शौच तेलकट असून पाणी टाकूनही चिकटून राहते. अशी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा सोबत जाडजूड फाइल असते आणि त्याहून जाड सल्ल्यांचं गाठोडं. त्यातला सगळ्यात वाईट सल्ला एकच: "गहू बंद करून बघा."

आधी सोप्या पायऱ्या उरकू. वेगवेगळ्या दिवशीचे शौचाचे तीन नमुने जिआर्डियासारख्या परजीवींसाठी तपासून घ्या. थायरॉइड, साखर आणि एचआयव्ही बघून घ्या. ताप, रात्रीचा घाम, शौचातून रक्त किंवा पोटात सतत दुखणं असेल तर आतड्याचा टीबी किंवा क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या आजाराचा विचार आधी करावा लागतो. तो रस्ता वेगळा आहे आणि हा लेख त्यासाठी नाही.

आता उरतात दोन आजार. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. ट्रॉपिकल स्प्रू म्हणजे आपल्याकडची जुनी 'संग्रहणी', निदान त्या नावाखाली येणाऱ्यांपैकी बरेच जण. ही उष्ण प्रदेशांत होते, अनेकदा एखाद्या पोटाच्या संसर्गानंतर सुरू होते आणि लहान आतड्यात जिवाणूंचं ठाण मांडून राहणं हे तिचं मुख्य कारण मानतात. 1960च्या दशकात वेल्लोरच्या आसपासच्या खेड्यांत तिच्या साथीच आल्या होत्या. दोन्ही आजारांत अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे झिजतात आणि अन्न पचूनही अंगी लागत नाही. उपचार मात्र अगदी वेगळे. एकात आयुष्यभराचं पथ्य, दुसऱ्यात काही महिन्यांची औषधं.

रक्ताचे अहवाल हातात आले की आधी कोणतं पोषक कमी आहे ते बघा. लोह आणि फोलेट आतड्याच्या वरच्या भागात शोषले जातात, बी-12 अगदी शेवटच्या भागात. सिलिअ‍ॅक वरच्या भागाला जास्त मारतो, म्हणून तिथे लोहाची कमतरता ठळक दिसते. संग्रहणी शेवटपर्यंत पोचते, म्हणून तिथे फोलेटबरोबर बी-12ही खाली येतं आणि रक्तपेशी मोठ्या होतात. पण हे पुरावे नाहीत, फक्त इशारे आहेत. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाचं बी-12 आतडं ठणठणीत असतानाही कमी असू शकतं, आणि सिलिअ‍ॅकमध्येही ते कमी होऊ शकतं. नुसत्या बी-12च्या आकड्यावरून कुणी 'संग्रहणी' म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आता खरी अवघड पायरी. इथे मी स्वतः चुकलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एकोणतीस वर्षांची एक बाई आली. सात महिने जुलाब, वजन 52 किलोवरून 41, हिमोग्लोबिन 7.8, लोह आणि फोलेट दोन्ही तळाला, बी-12 मात्र बरं. शेजारणीच्या सांगण्यावरून तिने पाच महिन्यांपूर्वी पोळी सोडून भाकरी धरली होती. मी सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी (अँटी-टीटीजी आयजीए) केली, ती निगेटिव्ह आली. मी संग्रहणी ठरवून फोलिक अ‍ॅसिड आणि डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दोन महिन्यांत वजन 45 झालं. मी खूश होऊन सांगितलं, "आता पोळी खायला हरकत नाही." दोन महिन्यांनी ती परत आली, जुलाब पुन्हा सुरू. या वेळी तीच चाचणी वरच्या मर्यादेच्या चौपट होती आणि दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात उंचवटे जवळजवळ सपाट झाले होते. आधी निगेटिव्ह का? ही चाचणी रक्तातली जी प्रतिद्रव्यं शोधते, ती गहू बंद केल्यावर काही महिन्यांत उतरतात, अस्तरही सावरू लागतं. सुधारणेचं श्रेय मी गोळ्यांना दिलं. त्यात भाकरीचा वाटा किती होता, हे मला विचारायला सुचलंच नाही. आणि लोह इतकं कमी असूनही बी-12 बरं आहे, ही खूण डोळ्यांसमोर होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पोळी चालू असतानाच रक्त द्यायचं. त्याच नमुन्यातून एकूण आयजीएही मोजायला सांगायचं, कारण काहींच्या शरीरात ते प्रतिद्रव्यच बनत नाही आणि मग चाचणी खोटी निगेटिव्ह येते. त्यानंतर, गहू चालू ठेवूनच, एंडोस्कोपी. तीत ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, सुरुवातीचे एक-दोन आणि पुढच्या भागातले निदान चार तुकडे घ्यावेत. झीज ठिकठिकाणी असते. एकच तुकडा घेतलेला अहवाल मी मोजत नाही.

आधीच गहू सोडला असेल तर? रोज साधारण दोन पोळ्या, शक्य तर सहा ते आठ आठवडे, मग तपासण्या. फार त्रास झाला तर दोन आठवड्यांनीही तपासता येतं. रुग्ण फारच खंगलेला असेल तर हा प्रयोग करू नका. अशा वेळी एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकीय चाचणी कामी येते, तिच्यावर पथ्याचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण धडधाकट लोकांतही ती बऱ्याच जणांत असतात.

रक्त आणि तुकडा दोन्ही सिलिअ‍ॅककडे बोट दाखवत असतील तर निदान झालं. प्रतिद्रव्यं निगेटिव्ह, परजीवी नाहीत, तुकड्यात झीज आहे (संग्रहणीत ती बहुधा अर्धवट असते, पूर्ण सपाट नाही) आणि दोन वेगळ्या पदार्थांचं, समजा चरबी आणि बी-12 यांचं, शोषण बिघडलेलं दिसतंय, तर संग्रहणी. शिक्का मात्र उपचारानंतरच मारायचा.

तो उपचार म्हणजे रोज 5 मिग्रॅ फोलिक अ‍ॅसिड आणि तीन ते सहा महिने टेट्रासायक्लिन किंवा डॉक्सिसायक्लिन. गरोदर बायका आणि लहान मुलांना ही प्रतिजैविकं देत नाहीत. आणि माझा हट्ट: बी-12 कमी असेल तर त्याची इंजेक्शनं आधी किंवा सोबत. नुसत्या फोलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारतं, पण नसांची झीज आत चालूच राहते. मुंग्या येणं, अंधारात चालताना तोल जाणं, हे सुरू झालं असेल तर घाई करा. फोलिक अ‍ॅसिडने संग्रहणीत जीभ आणि भूक लवकर सुधारतात. काही आठवड्यांत काहीच फरक नसेल तर निदान पुन्हा उघडा.

सिलिअ‍ॅक ठरला तर पथ्य आयुष्यभराचं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं, म्हणून आपल्याकडे हे वाटतं तितकं कठीण नाही. वर्षभराने प्रतिद्रव्यं उतरली नाहीत तर कुठूनतरी गहू जातोय. माझ्या त्या बाईच्या बाबतीत तो दोन ठिकाणी सापडला. एक, डबीतला बांधणी हिंग, ज्यात गव्हाचं पीठ होतं. दुसरं, गिरणी: तिच्या ज्वारीच्या आधी त्याच जात्यावर कुणाचेतरी गहू दळले जात होते. तिने घरगुती चक्की घेतली, हिंगाच्या डबीवरची घटकांची यादी वाचायला सुरुवात केली, आणि पुढच्या तपासणीत आकडा मर्यादेच्या आत आला.